गृहउद्योगाची दोन पुस्तके आणि माझ्या चकलीचा हिशेब: आठ महिन्यांनंतर

मार्च २०२४ मध्ये घरून चकली विकायला सुरुवात करायची असे ठरवले, तेव्हा व्यवसायाचा कोणताही अनुभव नसल्यामुळे गृहउद्योगावरची दोन मराठी पुस्तके आणली. एक विकत घेतलेले, नवे आणि जाड. दुसरे वाचनालयातले, जुन्या आवृत्तीचे. आता दिवाळी उलटून गेल्यावर, म्हणजे दोन्ही पुस्तके पिठाळ हातांनी पुरेशी वापरून झाल्यावर, हे लिहीत आहे.

नव्या पुस्तकाचा निम्मा भाग यशोगाथांनी भरलेला आहे. तो मी एकदा वाचला आणि पुन्हा उघडला नाही. उपयोगी पडले ते किंमत ठरवण्याचे प्रकरण, आणि माझी फसगतही त्याच प्रकरणाने केली. त्यात सूत्र दिले आहे: कच्चा माल, गॅस, पॅकिंग आणि मजुरी यांची बेरीज करा आणि तीवर तीस टक्के चढवा. सूत्र चुकीचे नाही, परंतु बेरजेत नेमके काय धरायचे आणि ते कसे मोजायचे, याबद्दल लेखक गप्प आहेत.

उदाहरणार्थ, तेल. कढईत ओतलेले सगळे तेल खर्चात धरायचे की चकलीने प्यायलेले तेवढेच? शेवटी मी कढईत एक किलो तेल वजन करून ओतले, एक किलो भाजणीच्या चकल्या तळल्या आणि कढई निवल्यावर उरलेले तेल पुन्हा काट्यावर ठेवले. ते ६७० ग्रॅम भरले. म्हणजे ३३० ग्रॅम चकल्यांत गेले, मोहनाचे १०० ग्रॅम वेगळे, आणि उरलेल्यातले तळाचे काळपट झालेले साधारण १५० ग्रॅम टाकूनच द्यावे लागले. त्याच घाण्यातून १ किलो ४०० ग्रॅम चकल्या झाल्या, पण त्यांपैकी शंभर ग्रॅम मोडक्या होत्या, ज्या घरच्यांनी खाल्ल्या. विकण्याजोगा माल १ किलो ३०० ग्रॅम. मोडतोडीचा उल्लेख दोन्हींपैकी एकाही पुस्तकात नाही.

दळणासह भाजणी, मसाला-तीळ, तेल आणि गॅस मिळून घाण्याला २३७ रुपये लागले, म्हणजे विकण्याजोग्या किलोमागे १८२ रुपये. पाव किलोच्या चार पिशव्या आणि लेबले यांचे ३२. मजुरी मात्र मी सुरुवातीला धरलीच नव्हती, कारण घरच्या बाईच्या हाताला कोणी दर लावत नाही आणि मलाही तो लावताना संकोच वाटला. दोन किलो भाजणीला माझे चार तास जातात. ताशी ६० रुपये धरले तर किलोमागे ९२ होतात. सगळे मिळून ३०६ रुपये.

पुस्तकाप्रमाणे तीस टक्के चढवून किलोला ३९८ रुपये भाव निघाला आणि मी खूश झाले. मग कोपऱ्यावरच्या दुकानदारांनी माल ठेवायला होकार दिला, पण विक्रीच्या किमतीवर वीस टक्के मागितले. ३९८ चे वीस टक्के म्हणजे जवळजवळ ८० रुपये. माझ्या हाती ३१८, म्हणजे किलोमागे फक्त बारा रुपये नफा. तीस टक्के मी खर्चावर मोजत होते आणि दुकानदार त्यांचे वीस टक्के विक्रीवर मोजत होते, हा फरक कळायला मला दोन महिने लागले. दुकानाचे वीस आणि स्वतःचे पंधरा टक्के हवे असतील, तर ३०६ ला ०.६५ ने भागायचे. उत्तर ४७१ येते. मी पाव किलोची पिशवी १२० रुपयांना केली. तीन जुनी गिऱ्हाइके तुटली, बाकीच्यांनी काही म्हटले नाही.

टिकवणुकीच्या प्रकरणात ‘चकली महिनाभर टिकते’ एवढेच वाक्य आहे. त्यावर विसंबून पहिल्या घाण्याच्या लेबलवर तीस दिवस लिहिले होते. त्यानंतर प्रत्येक घाण्यातल्या चार पिशव्या तारीख घालून फडताळात ठेवायची आणि दर आठवड्याला एक फोडायची, अशी सवय लावून घेतली. चौथ्या आठवड्यात फोडलेल्या पिशवीला खवट वास आला, म्हणून आता एकवीस दिवस लिहिते. चकली पूर्ण गार होण्याआधी पिशवी बंद केली तर आत वाफ धरते आणि ती मऊ पडते, हे पुस्तकात आहे आणि खरे आहे.

वाचनालयातल्या पुस्तकातले परवान्याचे प्रकरण मात्र सरळ सोडून द्यावे. ते २०११ पूर्वीच्या कायद्यावर लिहिलेले आहे. अन्न सुरक्षा कायद्याखालची परवाना आणि नोंदणीची पद्धत ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाली. मी २०२४ मध्ये फॉस्कोस या संकेतस्थळावर फॉर्म ‘ए’ भरून नोंदणी केली, वर्षाला शंभर रुपये शुल्क भरले आणि मिळालेला चौदा अंकी क्रमांक लेबलवर छापला. एवढ्यासाठी एका एजंटने माझ्याकडे दीड हजार मागितले होते.

तरीही त्याच जुन्या पुस्तकाचे एक पान मी फोटो काढून फ्रिजवर लावले आहे: रोजच्या उधारीच्या वहीचा नमुना, ज्यात ‘कधी देणार’ असा वेगळा रकाना आहे. नव्या पुस्तकात उधारीबद्दल एक ओळही नाही, आणि माझे दिवाळीचे अकराशे रुपये अजून यायचे आहेत.