‘नवीन बॅटरी टाकली’ म्हणाला, आणि जुनीच टोचून परत दिली

लॅपटॉपच्या टचपॅडवर टिचकी लागेना, तेव्हा मला वाटलं खाली कचरा अडकला असेल. दोन दिवस तसंच चालवलं. मग लक्षात आलं की टेबलावर ठेवला की लॅपटॉप एका कोपऱ्यावर डुगडुगतो, आणि खालच्या झाकणाच्या कडेला नख जाईल एवढी फट पडली आहे. बॅटरी फुगली की नेमकं हेच होतं. बहुतेक लॅपटॉपमध्ये ती टचपॅडच्या खाली किंवा शेजारी असते, त्यामुळे पहिला दाब टचपॅडवर येतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर ते दोन दिवस मी तो मांडीवर घेऊन बसले नसते.

दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवरच्या माणसाने लॅपटॉप हातात घेऊन ‘बॅटरी गेलीय’ असं सांगितलं, ते खरंच होतं. मग तो आत घेऊन गेला. तासाभराने लॅपटॉप सपाट होऊन बाहेर आला, टचपॅडही छान वाजत होता. ‘नवीन टाकली ताई, आता बघायला नको.’ मी जुनी बॅटरी मागितली, तर म्हणाला, ‘ती धोक्याची असते, आम्हीच विल्हेवाट लावतो.’ मला ते जबाबदारपणाचं वाटलं! बिलावर ‘बॅटरी सर्व्हिस’ एवढंच लिहिलं होतं, ना पार्ट नंबर, ना वॉरंटी. पैसे मात्र नव्या बॅटरीचे घेतले.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी लॅपटॉप उघडला तर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास आला. घरात कुणी नखं रंगवत नव्हतं. टचपॅड पुन्हा कडक लागत होता. मी चार्जर काढला, लॅपटॉप बंद केला आणि त्या रात्री तो मोरीच्या फरशीवर ठेवला, आसपास कापड, कागद काही नाही. सकाळी दुसऱ्या, ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला.

त्याने झाकण काढलं आणि मला जवळ बोलावलं. आत चंदेरी पिशव्यांसारखे तीन सेल होते. एक उशीसारखा टम्म फुगलेला. उरलेल्या दोघांची पिशवी सैल, सुरकुतलेली, आणि प्रत्येकाच्या कडेला पिवळ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवलेला. टेपखाली टाचणीच्या टोकाएवढं भोक. ‘यांनी हवा काढलीय,’ तो म्हणाला. फुगलेले दोन सेल टोचून गॅस सोडला, टेप लावली, झाकण बसवलं. तिसरा तेव्हा फुगला नव्हता. तो नंतर फुगला.

असं केलं तर बिघडतं काय, हे मी त्याला विचारलं. बॅटरीच्या आत दोन पत्र्यांची गुंडाळी किंवा थप्पी असते, आणि त्यांच्या मध्ये केसापेक्षाही पातळ प्लास्टिकचा पडदा. बॅटरी जुनी झाली, सतत तापली किंवा महिनोन्‌महिने शंभर टक्क्यांवर चार्जरला लावून ठेवली, की आतलं द्रव विघटित होऊन गॅस तयार होतो. त्यातले काही वायू जळणारे असतात. पिशवी बंद असल्याने गॅस आतच साठतो आणि पिशवी फुगते. म्हणजे फुगवटा हा आजार नव्हे, आजाराचं लक्षण आहे. भोक पाडून लक्षण लपतं, पण गॅस बनायचा थांबत नाही. उलट भोकातून हवेतली ओल आत जाते आणि त्या द्रवातल्या क्षाराशी तिचा संबंध आला की विषारी आम्ल तयार होतं. शिवाय टाचणी दोन पत्र्यांना एकदम टेकली तर तिथल्या तिथे शॉर्ट. तो पडदा साधारण १३० अंश सेल्सिअसला वितळू लागतो. मग एका जागची उष्णता शेजारच्या जागी जाते आणि सेल स्वतःच स्वतःला तापवत जातो, चार्जर लावलेला असो वा नसो. त्या माणसाने टोचताना आग लागली नाही, हे त्याचं नशीब. माझंही.

आता ही चोरी मला आधीच कशी पकडता आली असती, ते सांगते. विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाइप करायचं:

```
powercfg /batteryreport
```

एक फाइल तयार होते, ती कुठे ठेवली हे स्क्रीनवरच दिसतं. तिच्यात DESIGN CAPACITY म्हणजे बॅटरी नवी असतानाची क्षमता आणि FULL CHARGE CAPACITY म्हणजे आजची. माझ्या लॅपटॉपवर पहिला आकडा ५०,००० आणि दुसरा ३१,२०० होता. तीन आठवड्यांच्या ‘नव्या’ बॅटरीचा! खाली Battery capacity history मध्ये आठवड्यागणिक आकडे असतात. बॅटरी खरंच बदलली असती, तर दुरुस्तीच्या तारखेला आकडा खालून एकदम वर उडी मारताना दिसला असता. माझा आकडा त्या तारखेच्या आधी आणि नंतर तसाच हळूहळू घसरत होता. एक सावधगिरी मात्र हवी: काही दुरुस्तीवाले जुनं सर्किट ठेवून फक्त सेल बदलतात, तेव्हा आकडे लगेच सुधारत नाहीत. म्हणून आकडा संशय देतो, खात्री झाकण उघडल्यावरच.

फोनचं वेगळं आहे, कारण तो आपण उघडत नाही. कव्हर काढा, कारण कव्हर फट झाकतं. काचेवर पालथा आणि उताणा ठेवून बघा, डुगडुगतो का. डोळ्यांच्या रेषेत धरून स्क्रीनची कड कुठे उचललीय का बघा. स्क्रीनवर एका जागी फिकट डाग दिसत असेल, तर तोही आतून येणारा दाब असू शकतो. उचललेली स्क्रीन दाबून बसवायचा मोह होतो. तो दाब थेट बॅटरीवर पडतो.

अशी लक्षणं दिसली की चार्जर काढायचा आणि बंद करायचं, ‘आधी फोटो उतरवून घेते’ म्हणत चालू ठेवायचं नाही. लॅपटॉपमधली माहिती नंतरही काढता येते. साठवण बॅटरीत नसते, आणि बरेच लॅपटॉप बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालतात. तोवर तो फरशीवर, उन्हापासून आणि मुलांपासून दूर ठेवायचा. फ्रिजमध्ये किंवा बंद गाडीत नाही. फुसफुस आवाज, धूर किंवा हाताला चटका जाणवला, तर उचलायला जाऊ नये. सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं, दार ओढून घ्यायचं आणि अग्निशमन दलाला फोन करायचा.

दुसऱ्या दुरुस्तीवाल्याने नवी बॅटरी टाकताना बॉक्स माझ्यासमोर फोडला, तिच्यावरचा पार्ट नंबर जुन्याशी जुळवून दाखवला आणि टचपॅडची वाकलेली पट्टीही सरळ केली. पहिलं चार्जिंग मी जागी असताना, फरशीवरच केलं. रिपोर्टमध्ये FULL CHARGE CAPACITY ४९,७०० आलं. आता चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबेल अशी सेटिंग ठेवली आहे.

पहिल्या दुकानात टेप लावलेल्या सेलचे फोटो घेऊन गेले. तो म्हणाला, ‘चालत होती ना पण?’ बिलावर ‘सर्व्हिस’ लिहिलेलं असल्याने माझ्याकडे बोलायला जागा उरली नाही. जुनी बॅटरी दुसऱ्याने टोकांना टेप लावून मला दिली, आणि मी ती कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांच्या हातात दिली, ‘टोचलेली आहे’ असं सांगून.