पुट्टी आधी की प्रायमर आधी? खरखरीत भिंत किती माल खाते, त्याचा हिशेब

घराला रंग काढायचा ठरला की रंगाच्या छटेवर आठवडाभर चर्चा होते आणि रंगाखाली काय जाणार हे रंगारी पाच मिनिटांत ठरवून मोकळा होतो. पैसे आणि माल मात्र त्याच थरात जास्त जातो, आणि पुढे पोपडे निघाले तर तेही बहुतेक तिथूनच निघतात. मुंबईच्या फ्लॅटमध्ये आतल्या भिंतींसाठी मुख्यतः दोन मार्ग असतात. पहिला व्हाइट सिमेंट पुट्टीचा: ओलसर केलेल्या भिंतीवर थेट पुट्टीचे दोन हात आणि त्यावर प्रायमरचा एक हात. दुसरा अ‍ॅक्रिलिक पुट्टीचा: आधी प्रायमर, मग तयार पेस्टचे दोन हात, मग पुन्हा प्रायमर. जुने रंगारी दोन्हीला लांबीच म्हणतात, पण दोन्ही वस्तू वेगळ्या आहेत आणि त्यांचा क्रमही वेगळा आहे.

क्रमामागचं कारण साधं आहे. व्हाइट सिमेंट पुट्टी ही सिमेंटच असल्यामुळे ती घट्ट व्हायला पाणी लागतं आणि पकडायला पाणी शोषणारी भिंत लागते. मध्ये प्रायमरची फिल्म आली की ती भिंतीत रुतत नाही. म्हणून ही पुट्टी आधी, प्रायमर नंतर. अ‍ॅक्रिलिक पुट्टी पाणी उडून गेल्यावर घट्ट होते. कोऱ्या प्लास्टरवर ती थेट लावली तर भिंत तिच्यातलं पाणी झटकन ओढून घेते, पुट्टी ओढायचा पत्रा अडकतो आणि थर भुसभुशीत राहतो. म्हणून तिच्याखाली प्रायमर हवाच. ‘दोन्हीला एकच पद्धत’ असं सांगणारा माणूस एका हाताची मजुरी वाचवतो आहे, असं समजायला हरकत नाही.

आता मालाकडे वळू. व्हाइट सिमेंट पुट्टीच्या बहुतेक पोत्यांवर एका किलोत दोन हातांनी साधारण 18 ते 21 चौरस फूट होतील असं छापलेलं असतं. आकडा खोटा नाही, पण तो गुळगुळीत भिंतीचा आहे. खरखरीत भिंतीचं गणित स्वतः करता येतं. 100 चौरस फूट म्हणजे 9.3 चौरस मीटर, त्यावर 1 मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे 9.3 लिटर कालवलेली पुट्टी. एक लिटर कालवलेल्या पुट्टीत साधारण सव्वा ते 1.3 किलो कोरी पावडर असते. म्हणजे 100 चौरस फुटांवर प्रत्येक मिलिमीटरला सुमारे 12 किलो. एवढा एक आकडा लक्षात ठेवला तरी पुढचं सगळं त्यातून निघतं.

नीरूने, म्हणजे चुन्याच्या बारीक लेपाने, घोटलेल्या भिंतीवर दोन हात मिळून जेमतेम अर्धा मिलिमीटर थर बसतो, म्हणजे 100 चौरस फुटांना साडेपाच-सहा किलो. आता रेती-सिमेंटचं नुसतं प्लास्टर घ्या, ज्यावरून तळहात फिरवला की रेतीचे कण टोचतात. तिथे कणांमधला खळगा आधी भरतो आणि मग त्याच्यावर सलग थर चढतो. खळग्यांचीच सरासरी खोली अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असली, तर एकूण 0.9 मिलिमीटर होऊन 11 किलो लागतात. एका किलोचे 18 चौरस फूट थेट 9 वर येतात. रंगारी माल चोरत नसतो, भिंत खात असते.

खरखर आणि पोट, म्हणजे भिंतीचा आत गेलेला भाग, या दोन गोष्टींची मात्र गल्लत होते. खरखर हाताला कळते, पोट नजरेला. चार फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी भिंतीला आडवी टेकवा आणि मागून टॉर्च मारा. जिथून उजेड येतो तिथे भिंत आत गेलेली आहे. समजा 16 चौरस फुटांच्या भागात सरासरी 2 मिलिमीटर खोली आहे. ती पुट्टीने भरायची तर त्या एवढ्याशा भागात जवळपास 4 किलो जास्तीचे जातील, आणि इतका जाड थर एका हातात मारला तर सुकताना त्यात बारीक जाळीसारख्या चिरा पडतील. दोन हातांची मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या आत ठेवावी. त्याहून खोल पोट असेल तर ते काम पुट्टीचं नाही. कोरड्या आतल्या भिंतीवर पीओपीचं पनिंग, म्हणजे पीओपीचा सपाट थर, करून घ्यावं आणि ओल येण्यासारख्या भिंतीवर सिमेंटचा बारीक गिलावा.

एक खोली धरून हिशेब करू. 10 बाय 11 ची बेडरूम, उंची 9 फूट. चार भिंती 378 चौरस फूट, दार-खिडकी वजा करून सुमारे 340. तीन भिंती जुन्या, नीरूच्या, रंग पूर्ण खरवडून काढलेला: 240 चौरस फूट. चौथी बाथरूमला लागून असलेली. पाइप बदलल्यावर तिच्यावर नवं रेती-सिमेंट प्लास्टर झालंय आणि नीरू मारलेला नाही: 100 चौरस फूट.

व्हाइट सिमेंट पुट्टी घेतली तर तीन जुन्या भिंतींना 18 च्या हिशेबाने साधारण साडेतेरा किलो आणि एकट्या नव्या भिंतीला 11 किलो. क्षेत्रफळ 30 टक्क्यांहूनही कमी, माल मात्र जवळपास निम्मा. घमेल्यात सुकून वाया जाणारा आणि जमिनीवर सांडणारा 10 टक्के धरला तर 27 किलो होतात.

अ‍ॅक्रिलिक पुट्टीच्या वजनात पाणीही मोजलेलं असतं, त्यामुळे त्याच जाडीला किलो जास्त लागतात. गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना एका किलोत 13 चौरस फूट आणि खरखरीत भिंतीवर साडेसहा धरावेत. म्हणजे साडेअठरा आणि साडेपंधरा मिळून 34 किलो. ही पुट्टी घमेल्यात लवकर आवळत नाही, म्हणून वाया जाणारा माल कमी: 36 किलो पुरावेत. पण सुकताना ती आकसते, त्यामुळे रेतीच्या खळग्यांवर दोन हातांनंतरही खालचे ठिपके दिसू शकतात आणि तिसरा हात मारावा लागतो.

प्रायमरचा खप दोन कारणांनी वाढतो. खरखरीत भिंतीचा खरा पृष्ठभाग मोजमापापेक्षा जास्त असतो, हे एक. कोरं प्लास्टर प्रायमर आत शोषून घेतं, हे दुसरं, आणि फरक जास्त पडतो तो याने. पुट्टी घासून झालेल्या भिंतीवर पाण्याच्या प्रायमरचा एक लिटर एका हातात 110 चौरस फूट सहज जातो. खरवडलेल्या नीरूवर 95 आणि नव्या रेतीच्या प्लास्टरवर 65 च्या आसपास थांबतो.

| 340 चौरस फूट भिंती | व्हाइट सिमेंट पुट्टी | अ‍ॅक्रिलिक पुट्टी |
|---|---|---|
| पुट्टीखालचा प्रायमर | नाही | 4 लिटर |
| पुट्टी, दोन हात | 27 किलो पावडर | 36 किलो पेस्ट |
| पुट्टीवरचा प्रायमर | 3 लिटर | 3 लिटर |

अ‍ॅक्रिलिक पुट्टी किलोमागेही महाग असते, त्यामुळे नुसत्या मालाच्या हिशेबात व्हाइट सिमेंट पुट्टी सरळ जिंकते. तरीही दोन भिंतींवर अ‍ॅक्रिलिकच घ्यावी. पहिली नव्या टॉवरमधली जिप्सम प्लास्टरची भिंत. ती आधीच गुळगुळीत असते, तिला भिजवून चालत नाही, आणि जिप्समवर सिमेंटचा थर ओल मिळताच सुटण्याची भीती असते. दुसरी, जिच्यावर जुना प्लास्टिक पेंट घट्ट बसलाय आणि जो खरवडूनही निघत नाही. तिथे सिमेंटला शोषणारी भिंतच मिळत नाही. अशा भिंतीवर पॉलिश पेपर मारून, प्रायमर देऊन अ‍ॅक्रिलिक पुट्टीचा पातळ हात पुरतो.

बाकी ठिकाणी, आणि विशेषतः पावसाचा मारा झेलणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला आतून किंवा बाथरूमच्या पाठीमागे, व्हाइट सिमेंट पुट्टीच योग्य. ओल लागली की अ‍ॅक्रिलिक पुट्टी मऊ पडते आणि रंगासकट फुगते. सिमेंट पुट्टी तग धरते. गळती मात्र ती थांबवत नाही. पांढरा क्षार फुटत असेल तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, नाहीतर वर्षभरात तो पुट्टीतूनही बाहेर येईल.

व्हाइट सिमेंट पुट्टी फसते ती बहुधा पाण्याच्या बाबतीत. कोऱ्या, तापलेल्या भिंतीवर ती लावली की भिंत तिच्यातलं पाणी पिऊन टाकते, सिमेंट अर्धवट राहतं आणि दुसऱ्या दिवशी बोट घासलं तर पीठ हाताला येतं. त्यावर कितीही भारी रंग मारा, तो पिठावरच बसलेला असतो. म्हणून आधी भिंत झाडून घ्यावी, पाणी शिंपडावं आणि वरचं पाणी जिरून नुसता ओलसरपणा उरला की पहिला हात सुरू करावा. एक किलो पावडरीला 360 ते 400 मिलिलिटर पाणी, आणि दहा मिनिटं नीट कालवणं. एका वेळी दोन-तीन तासांत संपेल एवढंच कालवावं. घमेल्यात आवळायला लागलेल्या पुट्टीत पुन्हा पाणी घालून ती सैल करतात, तेव्हा ती दिसायला ठीक होते, पण तिची ताकद गेलेली असते. हे होताना दिसलं तर थांबवा, रंगारी नाराज झाला तरी चालेल. नवं प्लास्टर असेल तर त्याला पाणी मारून झाल्यावर सुकायला वेळ द्या. 28 दिवसांआधी त्यावर पुट्टी नको.

अ‍ॅक्रिलिकची गफलत घाईत होते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत, एरवी चार-सहा तासांत सुकणारा हात दुसऱ्या दिवशीही आतून ओला असतो. त्यावर पुढचा हात चढवला की वरची कातडी सुकते, आतलं पाणी अडकतं आणि मग चिरा किंवा फुगे येतात. नखाने दाबून खूण उमटली तर थांबायचं.

घासकाम दोन्हीला सारखंच: आधी 180 नंबरचा पॉलिश पेपर, मग 220 किंवा 320. भिंतीला चिकटवून टॉर्च तिरका धरला की राहिलेल्या रेघा दिसतात. घासलेली भुकटी ओलसर फडक्याने पुसल्याशिवाय प्रायमर नको. प्रायमरमध्ये किती पाणी घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढंच घालावं. खप कमी दिसावा म्हणून प्रायमर जास्त पातळ केला की काय होतं ते सुकल्यावर तपासता येतं: सेलोटेपचा तुकडा घट्ट दाबून झटक्यात ओढा. टेपवर पांढरं पीठ आलं तर प्रायमरने पुट्टी बांधलेली नाही, तो हात पुन्हा मारायला सांगा.

माल मागवण्याआधी एक छोटी चाचणी करून घ्यावी. सगळ्यात खरखरीत भिंतीवर खडूने 5 फूट बाय 2 फुटांचा चौकोन आखा आणि मोजून दोन किलो पावडर कालवून त्यात दोन्ही हात मारून घ्या. उरलेला माल अंदाजाने पावडरीच्या हिशेबात वजा करा. 10 चौरस फुटांना 1.1 किलो गेली तर वरचा हिशेब तुमच्या भिंतीला लागू आहे. दीड किलोच्या वर गेली, तर त्या भिंतीला पुट्टीआधी नीरू किंवा, भिंत कोरडी असेल तर, पनिंग करून घेणं स्वस्त पडेल का, ते कंत्राटदाराकडून दोन्ही दर लेखी घेऊन पाहा. दर ठरवताना ‘पुट्टीसकट’ एवढंच लिहून घेऊ नका. कुठली पुट्टी, किती हात आणि प्रायमर पुट्टीखाली, वर की दोन्हीकडे, हे त्यात असू द्या.