९०० रुपयांचा १ टीबी पेनड्राइव्ह आणि बाबांच्या भजनाचं रेकॉर्डिंग

हे लिहायला मला दोन महिने लागले कारण आधी स्वतःचीच लाज वाटत होती, आयटीवाला नसलो तरी अगदी अडाणी पण नाहीये मी, तरी फसलो. सेटटॉप बॉक्सला पेनड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग करायचा विचार असेल तर आधी हे वाचा.

आम्ही कळव्याला राहतो. घरी एचडी बॉक्स आहे, मागे यूएसबीचं पोर्ट आहे, त्यात ड्राइव्ह लावला की प्रोग्रॅम रेकॉर्ड होतो आणि चालू टीव्ही पॉजपण करता येतो. पाच वर्षं ते पोर्ट धूळ खात पडलेलं. यावर्षी आई-बाबा पंधरा दिवस चिपळूणला जाणार होते आणि आईच्या दोन सिरीयल रोज संध्याकाळी, त्या बुडणार म्हणून तिची आठवडाभर आधीपासून धुसफूस चालू. त्यात बाबांचं भजनी मंडळ एका मराठी चॅनलवर दिसणार होतं, शूटिंग आधीच झालेलं, अर्ध्या तासाचा कार्यक्रम नेमका त्या पंधरवड्यात लागणार. म्हटलं चला, एक मोठा पेनड्राइव्ह घेऊन टाकू.

ठाणे स्टेशनला वेस्टला उतरलं की मोबाईल कव्हर, चार्जर, हेडफोनची दुकानं आहेत तिथल्याच एका दुकानातून घेतला. चकचकीत मेटलचा, वर १ टीबी कोरलेलं, ९०० रुपये. मी म्हटलं एवढा स्वस्त कसा, तर म्हणे साहेब लॉटमधला माल आहे, पॅकिंग नाही म्हणून. आणि त्याच्याकडे बॉक्स लावलेला टीव्ही होता, त्यात लगेच लावून दाखवला. बॉक्सने फॉरमॅट केला, स्क्रीनवर साधारण ९३१ जीबी आले (१ टीबीचे कॉम्प्युटरच्या हिशोबात एवढेच दिसतात, हे बरोबर आहे, यात फसवणूक नसते), मग त्याने चालू मॅच पॉज केली, दोन मिनिटं आम्ही गप्पा मारल्या, प्ले दाबलं, जिथे थांबवली तिथून मॅच सुरू. मी खुश. जीपे चालत नाही म्हणाला, कॅश दिले, बिल मागायचं सुचलं पण नाही.

पॉज म्हणजे आत काय होतं ते सांगतो, कारण माझी सगळी फसवणूक त्याच्यात दडलेली होती. चॅनल काही आपल्यासाठी थांबत नाही, आपण पॉज दाबलं की बॉक्स येणारं चित्र ड्राइव्हवर लिहीत जातो आणि प्ले दाबलं की मागून ते वाचून दाखवतो. आमच्या बॉक्समध्ये जास्तीत जास्त दोन तासांचं मागे राहतं आणि चॅनल बदललं की ते सगळं पुसलं जातं. दुकानात ड्राइव्ह रिकामा होता, दोन मिनिटांचा मजकूर अगदी सुरुवातीच्या जागेत लिहिला गेला, आणि सुरुवातीची जागा खरी होती. खोटी होती ती पुढची.

आई-बाबा गेले, मी दोन्ही सिरीयलना रोजचा टायमर लावला, भजनाला वेगळा. साधारण दहाव्या दिवशी मी एकटा मॅच बघत होतो, सिलेंडरवाला आला, पॉज केलं, पाच-सात मिनिटांनी प्ले दाबलं तर चित्र थिजलं. आवाज नाही, काही नाही. परत करून बघितलं, पाच-दहा सेकंद पॉज केलं की नीट चालतं, जास्त वेळ केलं की थिजतं. मला वाटलं बॉक्स जुना झालाय, तापला असेल. (बॉक्सवर बायको नेहमी गॅसचं पुस्तक आणि चाव्या ठेवते, तिच्यावरच डाफरलो.) ही पहिली खूण होती. थोड्या सेकंदांचं चित्र बॉक्सच्या स्वतःच्या मेमरीत असतं म्हणून चालायचं, ड्राइव्हवरून वाचायची वेळ आली की तिथे काही नसायचंच.

अकराव्या दिवशी भजन लागलं. मी ऑफिसला होतो. चिपळूणला नेमकी लाईट गेलेली, त्यामुळे गावच्या घरी कोणालाच दिसलं नाही. बाबांनी फोन केला, मी म्हटलं काळजी करू नका, रेकॉर्ड झालंय, लिस्टमध्ये नाव दिसतंय, ३० मिनिटं असं लिहिलंय. खरंच दिसत होतं. उघडून बघितलं नाही.

ते परत आले, चहा झाला, बाबांनी शेजारच्या काकांना पण बोलावलं. प्ले दाबलं, काळा स्क्रीन. पुढे ढकललं, काळा. आईच्या सिरीयल बघितल्या तर पहिल्या आठ दिवसांच्या मस्त चालतात आणि नवव्या दिवसापासून सगळ्या काळ्या. नाव आहे, तारीख आहे, वेळ आहे, आत काही नाही.

दुकानात गेलो. त्या माणसाने न चिडता मला तीन कारणं सांगितली, आणि वाईट हे की तिन्हींत थोडंफार खरं आहे, फक्त माझ्या केसला लागू नाही. पहिलं, "साहेब FAT32 आहे ना, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही." FAT32 म्हणजे ड्राइव्हवर फाइल मांडून ठेवायची एक पद्धत, आणि तिचं हे लिमिट बरोबर. पण एचडी चॅनल ८ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ८ मेगाबिट धरला तर आठ बिटचा एक बाइट म्हणून सेकंदाला १ एमबी, म्हणजे तासाला ३.६ जीबी, म्हणजे ४ जीबीची अडचण सत्तर मिनिटांच्या आसपास येते. तिथे काही बॉक्स रेकॉर्डिंग थांबवतात, काही पुढचा तुकडा नवीन फाइलमध्ये लिहितात, पण पहिली सत्तर मिनिटं चालतातच. आमची सिरीयल अर्ध्या तासाची, १.८ जीबी, आणि ती पहिल्या सेकंदापासून काळी. दुसरं, "FAT32 ला ३२ जीबीचं लिमिट असतं." हे विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीचं जुनं लिमिट, FAT32 चं नाही, बॉक्सने स्वतः फॉरमॅट केला तर ते आड येतच नाही. तिसरं, "पे चॅनलचं रेकॉर्डिंग लॉक असतं." हेही बरोबर, ते त्याच बॉक्सवर चालतं, लॅपटॉपला लावलं तर चालत नाही, बॉक्स बदलला तर जुनं सगळं गेलं. पण मी त्याच बॉक्सवर बघत होतो आणि त्याच चॅनलचे आधीचे आठ दिवस चालत होते ना! हे सगळं मला आज कळतंय. त्या दिवशी मी मान डोलावून परत आलो.

वर अजून एक मूर्खपणा. वाशीला एक जण डेटा रिकव्हरी करतो म्हणून कळलं, त्याने १५०० रुपये आधी घेतले आणि दोन दिवसांनी एक फोल्डर दिला, सगळ्या फाइलची नावं बरोबर, साइज बरोबर, म्हणाला तुमचा बॉक्स खराब आहे म्हणून चालत नाही. नावं तर माझ्याकडे आधीपासून होतीच की!

शेवटी भाचा आला, डिप्लोमाला आहे. त्याने काय केलं तर फाइल चालवायचा नादच सोडला, फाइलच्या आतला कच्चा डेटा जसाच्या तसा दाखवणाऱ्या हेक्स व्ह्यूअरमध्ये उघडली. आठव्या दिवसाची सिरीयल उघडली तर नुसता आकड्या-अक्षरांचा खिचडा, लॉक असलं तरी आत माल भरलेला दिसतो. भजनाची उघडली तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत 00 00 00 00. मामा, म्हणाला, हे पुसलं गेलेलं नाही, हे लिहिलंच गेलेलं नाही, कोणीही परत आणू शकत नाही.

मग ड्राइव्ह पूर्ण रिकामा करून लॅपटॉपवर H2testw चालवलं. फुकट मिळतं, छोटंसं आहे. ते ड्राइव्हवर खोट्या फाइल लिहीत जातं आणि मग परत वाचून जुळतंय का बघतं. पूर्ण १ टीबी तपासायला एक दिवसाच्या वर गेला असता म्हणून त्याने फक्त ५०००० एमबी टाकले. लिहायला दीड तास, वाचायला पाऊण तास, आणि मग लाल अक्षरात हे आलं:

```
The media is likely to be defective.
29.1 GByte OK
19.7 GByte DATA LOST
```

म्हणजे आत ३२ जीबीची चिप, कॉम्प्युटरच्या हिशोबात तीही थोडी कमीच दिसते. ती सांभाळणाऱ्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, कोणी विचारलं तर सांग मी १ टीबी. फाइलच्या नावांची यादी ड्राइव्हच्या सुरुवातीला असते म्हणून ती टिकते, त्यामुळे सगळं छान दिसतं, आणि ३२ च्या पुढे जे लिहाल ते हवेत जातं, बॉक्सला वाटतं लिहिलं गेलं. काही नकली ड्राइव्ह यापेक्षा वाईट असतात, ते पुढचं परत सुरुवातीवर लिहितात, मग ती यादीच उडते आणि ड्राइव्ह फॉरमॅट करा म्हणतो. आमचा हिशोब तंतोतंत जुळला, २९.१ चे तासाला ३.६ च्या हिशोबाने आठ तासांच्या थोडे वर होतात, आणि रोज एक तास रेकॉर्डिंग म्हणजे नवव्या दिवशी खेळ खल्लास. बॉक्स मला अडीचशेच्या वर तास मोकळे दाखवत होता.

दुकानदार नंतर सरळ म्हणाला माझ्याकडून घेतलाच नाही. बिल नाही, जीपे नाही, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला काय दाखवणार.

आता एका ओळखीच्या दुकानातून बिल घेऊन साधी पोर्टेबल हार्ड डिस्क घेतली. तीही पहिले लावल्यावर टक टक करत राहिली, चालेना, कारण बॉक्सच्या पोर्टमधून तिला पुरेसा करंट मिळत नव्हता, स्वतःचा अॅडॉप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावल्यावर चालली. पण बॉक्सला लावायच्या आधी तिच्यावर H2testw पूर्ण चालवलं, रात्रभर, कारण बॉक्स एकदा फॉरमॅट करून घेतो तेव्हा त्यावरचं सगळं जातं आणि एकदा रेकॉर्डिंग झाली की टेस्टसाठी रिकामी कोण करणार. आणि आता महत्त्वाचं काही रेकॉर्ड झालं की त्याच रात्री प्ले करून मधूनच दोन-तीन ठिकाणी बघतो, नुसतं नाव बघून फोनवर हो म्हणत नाही.

भजनाचं म्हणाल तर मंडळातल्या तबलजींच्या नातीने बदलापूरला टीव्हीसमोर मोबाईल धरून चार मिनिटं काढली होती, त्यात पंख्याचा आवाज आहे आणि मधे कोणीतरी "चहात साखर टाकली का" विचारतंय. बाबा तेच सगळ्यांना पाठवतात.