व्हेंडरचा पेरोल की कंपनीचा?

मावसभावाकडे दोन ऑफर आहेत. एक मोठ्या कंपनीत, पण व्हेंडरच्या पेरोलवर, म्हणजे काम तिथे, नेमणूक आणि पगार मात्र माणसं पुरवणाऱ्या मधल्या कंपनीचा. दुसरी लहान कंपनीत थेट, पगार थोडा कमी. "दादा, बसायचं तर मोठ्याच कंपनीत ना?" असं तो विचारतोय.

पीएफचं फार टेन्शन नको. यूएएन तोच राहतो, फक्त व्हेंडर पैसे दरमहा भरतोय का ते पासबुकात बघायचं.

खरी गोम ग्रॅच्युइटीत आहे. कायम नेमणुकीत ती साधारणपणे एकाच मालकाकडे सलग पाच वर्षांनंतर मिळते. समजा बेसिक २६,००० आहे आणि सहा वर्षं थेट नोकरी केली, तर १५/२६ च्या हिशोबाने ९०,००० रुपये होतात. तीच सहा वर्षं, तेच टेबल, पण तीन वर्षांनी व्हेंडर बदलून नवं नेमणूकपत्र हातात पडलं, तर दोन्हीकडे पाच भरत नाहीत. पत्रात 'निश्चित मुदत' लिहिलं असेल तर सामाजिक सुरक्षा संहितेनुसार एका वर्षानंतरही हक्क बसतो, म्हणून तो शब्द शोधायचा.

वाढीचं म्हणाल, तर काम क्लायंटचा, म्हणजे त्या मोठ्या कंपनीचा मॅनेजर बघतो, पगारवाढ व्हेंडर देतो, आणि तीही क्लायंटने बिलिंग रेट वाढवला तर. कौतुकाचा मेल अप्रेझलपर्यंत पोचतच नाही. "पुढे आमच्यात घेऊ" हे तोंडीच असतं. किती जणांना घेतलं, ते शेजारच्या टेबलावर विचारावं.

नवं तंत्र शिकून दीड-दोन वर्षांत उडी मारायची असेल तर व्हेंडर चालेल. गृहकर्ज, आईवडिलांचा विमा डोक्यात असेल तर थेटच.