ऑफिसातलं मानदुखीचं सेशन: पाच महिन्यांनंतरचा अनुभव

मार्चमध्ये आमच्या ऑफिसात एका फिजिओथेरपिस्टबाईंनी पाठ-मानदुखीवर तासभर सेशन घेतलं. फीडबॅक फॉर्मवर मी तेव्हा ५ पैकी ५ दिले होते. आज ४ देईन. तो एक गुण का कापला ते नीट सांगतो, कारण चाळिशी ओलांडलेल्यांना हे आधीच कळायला हवं.

बाई म्हणाल्या, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवा. स्टँडवर पैसे घालण्यापेक्षा मी लॅपटॉपखाली जुन्या बॉक्स फाइली रचल्या. हात अधांतरी राहू नयेत म्हणून ५५० रुपयांचा वेगळा कीबोर्ड तेवढा घेतला. खांदे आठवड्याभरात हलके झाले. पण दुसऱ्या महिन्यात दुपारी चारनंतर कवटीच्या अगदी खाली, मान सुरू होते तिथे, ठणका लागायला लागला. सगळं सेशनच फुकट गेलं असं ठरवून मी व्यायामही सोडले.

मग शेजारच्या सहकाऱ्याला सांगून काम करताना बाजूने फोटो काढून घेतला. पाठ ताठ, पाय जमिनीला टेकलेले, आणि हनुवटी वर! माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. त्यात जवळचं दिसणारा भाग काचेच्या खालच्या बाजूला असतो. स्क्रीन उंच असली की अक्षरं त्या भागात आणायला डोकं मागे झुकतं, आणि तासन्‌तास तसंच राहून कवटीखालचे स्नायू आखडतात. मी दोन फाइली काढल्या आणि स्क्रीन जराशी मागे कलती केली. हनुवटी न उचलता सगळ्यात वरची ओळ वाचता आली, तिथे थांबलो. दहा दिवसांत ठणका गेला. समोर इतके चष्मेवाले बसले असताना हे एक वाक्य यायलाच हवं होतं.

व्यायाम पुन्हा सुरू केले आणि त्यांच्याबद्दलचं मत मात्र मी मागे घेतलं. हनुवटीचा व्यायाम मी चुकीचा करत होतो, मान खाली घालत होतो. नजर समोर ठेवून हनुवटीला बोट टेकवा, बोट तिथेच राहू द्या आणि हनुवटी ड्रॉवर आत ढकलल्यासारखी सरळ मागे न्या. ५ सेकंद थांबा, असं १० वेळा. बरोबर जमलं की गळ्याशी दुहेरी हनुवटी दिसते आणि कवटीखाली हलका ताण येतो. दुसरा व्यायाम असा: उजव्या हाताने खुर्चीची कड धरा, मान डावीकडे अर्धी वळवून डाव्या काखेकडे बघा, २० सेकंद. उजव्या बाजूने खांद्याच्या फऱ्यापर्यंत ओढ लागते. मग हात बदला.

कमरेसाठी अर्ध्या तासाने उठून, कमरेवर हात ठेवून पाच वेळा मागे वाकतो. जीएसटी रिटर्नच्या गडबडीत हे सुटतं आणि संध्याकाळी कंबर धरते.

एका गोष्टीसाठी बाईंचे आभारच. हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड ढिली पडत असेल तर ताण देत बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा, असं त्यांनी दोनदा बजावलं. आमच्यातल्या एकीला महिनाभर अंगठ्यात मुंग्या येत होत्या. ती दुसऱ्याच दिवशी दाखवून आली.