स्कायरिममधली रात्र: वेदर मॉड, ईएनबी की रीशेड?

'स्कायरिम स्पेशल एडिशन' या खेळातली मूळ रात्र म्हणजे निळसर संध्याकाळच. मशाल न पेटवता व्हाइटरनच्या माळावरून खुशाल फिरता येतं. ही रात्र काळीकुट्ट करायला तीन वाटा आहेत, आणि तिन्ही अंधार वेगवेगळ्या ठिकाणी घालतात.

रीशेड, म्हणजे पडद्यावरच्या चित्रावर फिल्टर चढवणारं साधन, सगळ्यात सोपं. पण रंग बदलताना त्याच्या हाती येतं ते तयार झालेलं चित्र. उजेड कुठून आला हे त्याला कळत नाही, त्यामुळे माळ काळा करताना मशालही मंदावते. खरी रात्र काळी वाटते ती मशालीचं वर्तुळ आणि त्याबाहेरचा अंधार यांतल्या फरकामुळे, आणि रीशेडने नेमका तोच जातो. शिवाय दिवसाची गुहाही काळी होते. आकाशात पायऱ्यांसारखे पट्टे दिसू लागले, की जास्त ताणलंत समजा.

वेदर मॉड, म्हणजे खेळाचं हवामान बदलणारी जोड, उदाहरणार्थ ऑब्सिडियन किंवा कॅथेड्रल, मुळातच हात घालतं. प्रत्येक हवामानाच्या नोंदीत पहाट, दिवस, संध्याकाळ आणि रात्र यांचे रंग वेगळे असतात. तिथे रात्रीचा सभोवतालचा प्रकाश कमी केला की मशाल तशीच राहते, आणि ग्राफिक्स कार्डावर फारसा भारही पडत नाही. मात्र दोन वेदर मॉड एकत्र ठेवू नका. एकाच नोंदीवर दोघांचा हक्क असला तर लोड ऑर्डरमध्ये खाली असलेलं जिंकतं, आणि मग धुक्याची रात्र काळी, निरभ्र रात्र निळी असा घोळ होतो. घरं-गुहांसाठी लक्ससारखं प्रकाशाचं वेगळं मॉड लागतंच.

ईएनबी खेळ चित्र रंगवत असतानाच त्यातला प्रकाश बदलतं. ते महागडं, फ्रेमरेट चांगलाच खातं. पण खेळ चालू असताना रात्रीचे आकडे वेगळे फिरवता येतात, ही सोय बाकी दोघांत नाही. माझ्या `enbseries.ini`मध्ये सभोवतालचा प्रकाश 1 होता, तो असा उतरवला:

```
[ENVIRONMENT]
AmbientLightingIntensityNight=0.45
AmbientLightingDesaturationNight=0.3
```

दुसऱ्या ओळीने निळेपणा फिका पडतो. चांदण्यात आपल्यालाही रंग कुठे नीट दिसतात! 0.3च्या खाली पहिली किंमत नेली तेव्हा घोडा दगडावर आपटेपर्यंत दगड दिसेना. ईएनबीचा तयार प्रीसेट घेतलात, तर तो ज्या वेदर मॉडसाठी बनवलाय तेच वापरा. नाहीतर दोघंही अंधार घालतात आणि सगळं डांबर होतं.

तपासताना कन्सोलमध्ये `set gamehour to 0`, मग `fw 81a` द्या, म्हणजे मध्यरात्र आणि निरभ्र आकाश मिळेल. मशाल घेऊन आणि विझवून, दोन्ही वेळा बघा. नंतर दुपार लावून बघायला विसरू नका.

एक गंमत: रीशेड किंवा ईएनबीने पडदा कितीही काळा करा, डाकूंना तुम्ही पूर्वीइतकेच दिसता. अंधार फक्त तुमच्यासाठी.

साध्या लॅपटॉपवर मी वेदर मॉडवरच थांबेन. कार्ड दमदार असेल तर त्यावर ईएनबी. रीशेड शेवटी, रंगाच्या किंचित हातासाठी.