डुगडुगणारं सॉकेट आणि भिंतीतला बॉक्स: आठ महिने वापरल्यावर

गिझरचं 16 अँपिअरचं सॉकेट प्लग ओढला की प्लेटसकट पुढे यायचं आणि शेजारच्या मॉड्युलर स्विचला उभा तडा गेला होता. अशा वेळी स्विच-सॉकेट बदलून मोकळं होण्याचा मोह होतो, पण ते चार दिवसांत पुन्हा डुगडुगतं, कारण दोष बहुतेकदा मागच्या बॉक्समध्ये असतो.

एमसीबी बंद करा. टेस्टर आधी दुसऱ्या चालू पॉइंटवर तपासा, मग इथली प्रत्येक वायर. एकाच बोर्डात दोन सर्किटं आलेली असू शकतात. प्लेट काढून फ्रेमचे स्क्रू कसून बघा. स्क्रू नुसताच फिरत राहिला तर बॉक्सच्या कानाचे आटे गेलेत. स्क्रू घट्ट असूनही सगळं हलत असेल तर बॉक्सभोवतीचा गिलावा सुटलाय. इथे दोन्ही झालं होतं, म्हणून बॉक्सच नवा घातला.

वायरींचा फोटो काढून टोकांना टेप लावली. छिन्नीने सुटा माल काढला, धूळ झाडली, खड्डा ओला केला. कोरड्या भिंतीने मालातलं पाणी शोषलं की तो पकडच घेत नाही. एक भाग सिमेंटला तीन भाग वाळू, माल घट्टसर. आत माल जाऊ नये म्हणून बॉक्समध्ये कागदाचा बोळा कोंबला. माल ओला असतानाच रिकामी फ्रेम स्क्रूने लावून लेव्हल बघितली, म्हणजे कान आत दबत नाहीत. बॉक्सची कड गिलाव्याच्या पातळीत हवी. बाहेर आली तर प्लेटमागे फट राहते. फार आत गेली तर स्क्रू कसताना फ्रेम वाकते आणि स्विचला तडा जातो. इथला जुना तडा त्यातलाच.

पीओपी मिनिटांत धरतं खरं, पण दमट भिंतीत पत्र्याचा बॉक्स गंजवतं. बाथरूमच्या भिंतीला तर नकोच.

माल एक दिवस धरू दिला, अधूनमधून पाणी मारलं, आणि बॉक्स पूर्ण सुकल्यावरच वायरी जोडल्या. वायरीचं काळवंडलेलं टोक कापून साधारण 10 मिलिमीटर तांबं उघडं केलं. समोरून बघताना फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे, अर्थिंग वर, स्विच फेजवरच. जोडलेली प्रत्येक वायर ओढून बघा. टर्मिनलचा स्क्रू इन्सुलेशनवर बसला असेल तर वरून घट्ट वाटतो, पण आत तांब्याला नीट टेकत नाही आणि तिथेच तापतो.

आठ महिन्यांनंतर प्लग एका हाताने निघतो, प्लेट जागची हलत नाही. वरच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग आहे, ती रंगात जाईल. सहाव्या महिन्यात एमसीबी बंद करून टर्मिनल पुन्हा कसली, तेव्हा न्यूट्रलचा स्क्रू पाव फेरा फिरला. तेवढा सैलपणाही गिझरच्या लोडला सॉकेट तपकिरी करायला पुरतो.

वायर कापून आखूड झाली असेल किंवा इन्सुलेशन हातात चुरगळत असेल, तर तिथेच थांबून इलेक्ट्रिशियनला बोलवा. अशा वायरीवर नवं सॉकेट चढवू नका.